वर्गसमीकरणाचं शाळेतलं सूत्र कोडमधून काढूनच टाकावं का?

धागाकर्ता: `x² − 10⁸x + 1 = 0` हे समीकरण पायथॉनमध्ये नेहमीच्या सूत्राने सोडवलं. मोठं मूळ `100000000.0` आलं, ते ठीक. लहान मूळ `1e-08` यायला हवं होतं, आलं `7.450580596923828e-09`. b मोठा झाला की सूत्र चुकतं का? मग ते वापरायचंच कशाला?

दशांश: सूत्र चुकत नाही, वर्गमूळ ठेवायला जागा कमी पडते. विवेचक `10¹⁶ − 4` डबलमध्ये तंतोतंत बसतो. त्याचं वर्गमूळ 10⁸ पेक्षा साधारण 2·10⁻⁸ ने कमी आहे. पण तिथे शेजारशेजारच्या दोन डबल संख्यांमध्ये 1.49·10⁻⁸ इतकं अंतर असतं, त्यामुळे उत्तर एक पायरी खालच्या संख्येवर जाऊन बसतं. मग 10⁸ मधून ते वजा केलं की 1.49·10⁻⁸ उरतात, त्याचे निम्मे म्हणजे तुमचं उत्तर. चूक तब्बल २५ टक्क्यांची. वजाबाकी मात्र इथे अगदी अचूक झाली आहे. नुकसान वर्गमूळ काढतानाच झालं होतं, वजाबाकीने मोठा भाग कापून टाकल्यावर ते उघडं पडलं.

म्हणून वजाबाकी होणारं मूळ सूत्राने काढायचंच नाही. b च्याच चिन्हाने बेरीज होईल ते मूळ काढा आणि दुसरं मुळांच्या गुणाकारावरून, म्हणजे `c/a` वरून मिळवा:

```python
s = math.sqrt(b*b - 4*a*c)
q = -(b + math.copysign(s, b)) / 2
x1, x2 = q/a, c/q
```

तुमच्या आकड्यांना q येतो 10⁸ आणि `c/q` येतो 10⁻⁸. माझ्या मते लायब्ररीत कायम हेच असावं. खर्च काहीच वाढत नाही.

सरळमार्गी: एवढा खटाटोप कशाला? `Decimal` घ्या, २८ अंक मिळतात, सूत्र जसंच्या तसं राहतं आणि वाचणाऱ्यालाही कळतं.

दशांश: 10⁸ ला चालेल. b = 10¹⁵ घेऊन बघा. b² मध्ये ३१ अंक, त्यातून 4 वजा केल्यावर २८ अंकांत पुन्हा 10³⁰ च उरतो आणि लहान मूळ थेट शून्य येतं. डबलमध्ये हेच b = 10⁹ ला होतं. अंक वाढवून खड्डा फक्त पुढे सरकतो.

सरळमार्गी: मान्य, पण 10⁸ च्या शेजारी 2.5·10⁻⁹ ची चूक कोणाला बोचणार आहे? मोठंच मूळ हवं असेल तर जुनं सूत्र पुरेसं आहे.

दशांश: मोठंच हवं असेल तर हो. पण सौम्य आम्लाच्या गणितात हायड्रोजन आयनांची संहती म्हणजे समीकरणाचं धन मूळ. आम्ल पुरेसं विरल असलं की तेच लहान मूळ असतं आणि मोठ्या ऋण मुळाला काही अर्थच नसतो.

किरणमाग: माझ्याकडे ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये किरण आणि गोल यांचा छेद आहे. त्रिज्या 6371000 मीटर, कॅमेरा पृष्ठभागापासून 2 मीटर वर. हे q वालं रूप टाकलं तरी जवळचा छेद उड्या मारतो. मग उपयोग काय?

शेषफल: तुमचा दोष वेगळा आहे. d हे कॅमेऱ्याचं गोलाच्या केंद्रापासूनचं अंतर धरलं तर `c = d² − r²` इथेच अंक जातात. r² सुमारे 4.06·10¹³, तिथे फ्लोटची पायरी 4194304 ची. तुमचा खरा c अडीच कोटींच्या आसपास, म्हणजे सहाएक पायऱ्याच. `c = (d−r)*(d+r)` लिहा, आणि जमलं तर उंची वेगळ्या चलात साठवा, कारण d वर्गमूळातून येत असेल तर अर्ध्या मीटरची गोलांकन चूक तिथेच शिरते. c आधीच बिघडलेला असेल तर `c/q` त्याला सुधारू शकत नाही.

दशांश यांच्या ‘कायम’ला माझी हरकत आहे. मूळ प्रश्नातला ‘b मोठा’ हा निकषच अपुरा आहे. तिन्ही सहगुणकांना एकाच संख्येने गुणलं तर b हवा तेवढा मोठा होतो, मुळं आणि चूक तशीच राहतात. बघायचं ते b² च्या तुलनेत 4ac किती नगण्य आहे. उलट ती दोन्ही पदं जवळपास सारखी असली, म्हणजे मुळं जवळजवळ समान असली, की कापाकापी विवेचकाच्या आतच होते आणि q काही करू शकत नाही. तिथे विवेचक दुप्पट अचूकतेने किंवा गुणाकार-बेरीज एकाच गोलांकनात करणारं एफएमए वापरून काढावा लागतो. शिवाय b = 10¹⁶⁰ असेल तर b² च डबलच्या बाहेर जातो, आधी सहगुणक लहान करून घ्यावे लागतात.

दशांश: ते बरोबर, पण मी सांगितलेला बदल त्या दोन्ही ठिकाणी काही बिघडवत नाही. बिघडतं ते `copysign` ऐवजी b = 0 ला शून्य देणारं चिन्हाचं फंक्शन वापरलं तर. `x² − 4 = 0` ला q शून्य होतो, पहिलं मूळ 0 येतं आणि दुसऱ्याला शून्याने भागाकार. b आणि c दोन्ही शून्य असतील तर मात्र `copysign` असूनही q शून्यच, ती तपासणी वेगळी हवी.

सरळमार्गी: म्हणजे तीन ओळींच्या सूत्राला आता दोन तपासण्या, सहगुणकांचं माप आणि एफएमए. लायब्ररीत असू द्या. एकदाच चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मी जुनंच सूत्र लिहीन आणि `x1*x2` हा `c/a` शी जुळतो का ते बघेन.

शेषफल: ती तपासणी चांगली आहे. धागाकर्त्याच्या आकड्यांना गुणाकार 1 ऐवजी 0.745 येतो, लगेच कळतं. पण ती जुन्या सूत्रालाच लावा. q च्या रूपात दुसरं मूळ गुणाकारावरूनच काढलेलं असल्याने ती नेहमी जुळणारच. तिथे बेरीज `-b/a` शी ताडून पाहावी, तीही लहान मुळातली चूक दाखवणार नाही.