किटली जास्त खाते की गॅलरीतला बल्ब? (बी विंग ग्रुप)

सुनीता, १०४: या महिन्याचं लाईट बिल आलं का सगळ्यांना? आमचे युनिट वाढलेत. ह्यांचं म्हणणं, नवीन इलेक्ट्रिक किटली आणल्यापासून वाढलेत. खाली लिहिलंय १५०० वॅट. म्हणजे ती १५०० युनिट खाते का?

महेश, ३०१: १५०० युनिट खाल्ले तर बिल बघून चहा प्यायची इच्छाच राहणार नाही 😄

सुनीता, १०४: हसू नका हो. खरंच विचारतेय. बल्बवर ९ वॅट, किटलीवर १५०० वॅट, फ्लॅट घेतला तेव्हाच्या कागदावर ५ किलोवॅट, आणि बिलावर युनिट. यातलं पैसे कशाचे लागतात?

जोशी काका, २०२: पैसे युनिटचे. युनिट म्हणजेच किलोवॅट-तास. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. नुसत्या वॅटवरून बिल कळत नाही, ती वस्तू किती वेळ चालली हेही लागतं.

सुनीता, १०४: वाचलं, पण डोक्यात बसलं नाही काका.

जोशी काका, २०२: मग मीटरच बघ. खाली आपल्या मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. मीटरच्या पाटीवर `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. प्रत्येक लुकलुक सारखीच, मग ती किटलीमुळे होवो की बल्बमुळे. दिवा किती भराभर लुकलुकतो ते वॅट. एकूण किती वेळा लुकलुकला ते युनिट.

महेश, ३०१: आमच्या मीटरवर १६०० लिहिलंय. म्हणजे आम्हाला बिल अर्धं?

जोशी काका, २०२: नाही रे. तुझी एक लुकलुक तिच्या दोन लुकलुकींएवढी. आकडा मीटरच्या बनावटीप्रमाणे बदलतो, म्हणून पाटी आधी वाचायची.

आर्या, १०४: आजोबा, मी मोजते! आई वर किटली लावेल, मी खाली मीटरपाशी थांबते.

जोशी काका, २०२: छान. पण आधी फ्रिज, पंखे, टीव्ही, वायफायचा डबा, पाण्याचा फिल्टर सगळं बंद कर. नाहीतर त्यांच्या लुकलुकी किटलीच्या नावावर जातील. सगळं बंद केल्यावर दिवा थांबला पाहिजे. तो थांबत नसेल तर घरात काहीतरी चालू राहिलंय. मग एक लिटर पाणी भर, एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोज, आणि किटली आपोआप बंद होईपर्यंतचा वेळही लिही.

अनघा (सेक्रेटरी), ४०१: सूचना: उद्या सकाळी ११ ते १ टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवावे.

आर्या, १०४: झालं! मिनिटाला ७४ वेळा. पाणी उकळून किटली बंद व्हायला सव्वाचार मिनिटांपेक्षा थोडं जास्त. मग फक्त हॉलचा ९ वॅटचा बल्ब लावला तर दिवा लुकलुकतच नव्हता. मला वाटलं मीटर बिघडलं. दोन मिनिटांनी एकदाच लुकलुकला 😳

जोशी काका, २०२: अगदी बरोबर आलंय. आता हिशोब बघ. मिनिटाला ७४ म्हणजे तासाला ४४४०. त्याला ३२०० ने भागलं की १.३९. म्हणजे तुमची किटली आत्ता साधारण १३९० वॅट घेत होती.

सुनीता, १०४: पण लिहिलंय १५००. फसवलं की काय दुकानदाराने?

जोशी काका, २०२: नाही. छापलेले वॅट २३० व्होल्टला धरून असतात. व्होल्टेज जरा कमी असलं की किटली वॅटही कमी घेते. पाणी उकळायला थोडा वेळ जास्त लागतो, युनिट जवळपास तेवढेच लागतात. म्हणूनच कमी वॅटची किटली आणून बिल वाचत नाही. पाण्याला लागायची ती उष्णता लागतेच. उलट जास्त वेळ तापत राहिली तर बाहेर वाया जाणारी उष्णता थोडी वाढते.

सुनीता, १०४: मग एका वेळेला किती युनिट गेले?

जोशी काका, २०२: एकूण लुकलुकी साधारण ३२०. ३२०० ला एक युनिट, तर ३२० ला एक दशांश. एक लिटर पाणी उकळायला ०.१ युनिट. युनिटला १० रुपये धर हिशोबापुरते, खरा दर बिलावर टप्प्याटप्प्याने लिहिलेला असतो. म्हणजे एक रुपया.

आर्या, १०४: आणि बल्बला ०.१ युनिट जाळायला किती वेळ?

जोशी काका, २०२: ०.१ युनिट म्हणजे १०० वॅट-तास. १०० भागिले ९, अकरा तास आणि वर थोडी मिनिटं. किटलीची चार मिनिटं आणि बल्बची आख्खी रात्र, मीटरच्या दृष्टीने सारखीच.

सुनीता, १०४: आता कळलं! आमची किटली दिवसातून चारदा होते. ०.४ युनिट रोज, महिन्याला १२. पण बिलात तर त्याहून जास्त वाढलेत काका.

जोशी काका, २०२: गॅलरीत तुमचा पिवळा बल्ब दिसतो रात्रभर. तो जुना ६० वॅटचा आहे ना?

सुनीता, १०४: हो. सासूबाई आल्यापासून लावून ठेवतो, रात्री उठतात म्हणून. संध्याकाळी ७ ते सकाळी ६.

जोशी काका, २०२: ६० गुणिले ११ म्हणजे ६६० वॅट-तास. रोजचे ०.६६ युनिट, महिन्याला जवळजवळ २०. किटलीपेक्षा जास्त. ९ वॅटचा एलईडी लावलास तर तेवढ्याच वेळाला महिन्याला तीन.

महेश, ३०१: म्हणजे किटली बिचारी निर्दोष सुटली.

जोशी काका, २०२: पूर्ण नाही. एका कपासाठी लिटरभर पाणी उकळत असाल तर तिचे १२ चे ४-५ होऊ शकतात. लागेल तेवढंच भरा, फक्त किटलीतल्या खालच्या खुणेच्या वर.

सुनीता, १०४: मग वॅटचा आकडा बघायचाच कशाला? युनिट बघितले की झालं.

जोशी काका, २०२: वॅट लागतात वायर आणि इन्व्हर्टरसाठी. परवा लाईट गेल्यावर बल्ब तासन् तास चालले ना? त्याच इन्व्हर्टरवर किटली लावली तर बॅटरी भरलेली असूनही तो लगेच ओव्हरलोड दाखवून बंद पडेल. घरगुती इन्व्हर्टर एका वेळी सहसा ७००-८०० वॅटच देतो, किटली मागते १५००. तुझ्या कागदावरचे ५ किलोवॅटही तसेच, एका वेळी किती ओढायची परवानगी आहे ते.

सुनीता, १०४: किटली मी हॉलमध्ये एक्स्टेन्शन बोर्डवर लावते, ते चालतं ना?

जोशी काका, २०२: १५०० भागिले २३०, साडेसहा अँपिअर. तुझा बोर्ड साधा, ६ अँपिअरचा असणार. पिन हात लावून बघ, गरम लागत असेल किंवा प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर आजच बंद कर. मिक्सरशेजारचं मोठं १६ अँपिअरचं सॉकेट आहे, तिथे लाव.

सुनीता, १०४: पिन गरम होते हो. काढते आत्ताच.