स्प्लिटर लावला की पडदा काळा: दोष खरंच केबलचा?

घोडबंदरकर (मूळ पोस्ट)
ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी रडत येतं: स्ट्रीमिंग स्टिकला स्प्लिटर लावला, आतल्या खोलीपर्यंत लांब एचडीएमआय टाकली आणि टीव्ही काळा. उत्तर एकच आहे, केबल भंगार आहे. एचडीसीपी-बिचडीसीपी, म्हणजे ते पिक्चर चोरू नये म्हणून लावलेलं कुलूप, हे दुकानदारांनी उठवलेलं भूत. सध्या माझ्याकडेही तेच चाललंय. हॉलमध्ये नवा फोरके टीव्ही, बेडरूममध्ये जुना फुल एचडी, मध्ये १५ मीटर कन्सील्ड केबल. स्प्लिटर फोरकेवाला आहे, बेडरूमला आपोआप कमी करून देतो. स्टिकचं होम पेज दोन्हीकडे मस्त दिसतं, पिक्चर लावला की दोन्ही काळे. सोन्याचा मुलामावाली केबल मागवलीये. ती आली की विषय संपला.

वायरवाला_माजिवडा
साहेब, विषय संपणार नाही, पैसे संपतील. रोज हेच काम करतो म्हणून गप्प बसवत नाही, थोडं लांब लिहितो.

होम पेज दोन्हीकडे दिसतंय हे तुमचंच वाक्य. बेडरूमला जे होम पेज जातं ते फुल एचडी, पिक्चरही फुल एचडीच जाणार. तारांवरचा भार तेवढाच. मग चित्र नेणाऱ्या तारा पिक्चर सुरू होताच संपावर जातील कशाला? शिवाय तुमचा हॉलचा टीव्हीसुद्धा काळा होतो, आणि तो तर लांब केबलवर नाहीच. तिथेच तुमचं उत्तर बाद झालं.

होम पेजवर चोरण्यासारखं काही नसतं, म्हणून बऱ्याच स्टिक ते विनाकुलूप पाठवतात. फोरके पिक्चर सुरू झाला की स्टिक खाली विचारते, तुम्ही कोण आहात? तुमचा नवा टीव्ही एचडीसीपी २.२ बोलतो, जुना १.४ च्या पुढे शिकलेलाच नाही. स्प्लिटरला नियमाने वर कळवावं लागतं की माझ्या खाली एक जुना बसलाय. फोरके पिक्चरवर बहुतेक वेळा 'फक्त २.२ ला द्या' असा शिक्का असतो. शहाणा स्प्लिटर एकट्या बेडरूमची वाट बंद करतो. साध्या स्प्लिटरवर स्टिक सगळंच नाकारते आणि दोन्ही खोल्यांत अंधार.

खात्री करायची तर स्प्लिटरमागची बेडरूमची पिन काढा आणि स्टिक बंद करून पुन्हा चालू करा. हॉलमध्ये पिक्चर फोरकेत सुरू झाला तर सोन्याची केबल परत पाठवा. मग पिन परत लावा, स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १०८०पी कायम करा. आता ॲप एचडी देईल, त्याला १.४ चालतं, दोन्हीकडे चित्र यायला हवं.

नेरूळची_सुमेधा
आमच्याकडेही हेच! जोराचा पाऊस आला की सगळे चॅनेल काळे. केबल बदलून झाली, बॉक्सही बदलला. हे एचडीसीपी पावसात जास्त होतं का?

वायरवाला_माजिवडा
ताई, तो छत्रीचा सिग्नल पावसाने अडतो. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

कोपरखैरणे_एक्स्प्रेस
माजिवडावाले नेहमीप्रमाणे गुंता वाढवतायत. मी ऑफिसात कॉन्फरन्स रूम सांभाळतो. दोन सोप्या गोष्टी. एक, आधी टीव्ही चालू करा, मग स्प्लिटर, शेवटी स्टिक. निम्मी दुखणी तिथेच जातात. दोन, टीव्हीचं मॉडेल नाव आणि रिझोल्यूशन स्टिकला बरोबर कळतंय ना? मग बोलणाऱ्या तारा ठणठणीत आहेत. ओळख आणि कुलूप दोन्हींची बोलणी त्याच दोन तारांवर होतात. ओळख पटली तर कुलूपही उघडणार. केबल निर्दोष, स्प्लिटर बदला.

वायरवाला_माजिवडा
पहिलं मान्य. स्टिक जागी होते तेव्हा समोर टीव्ही तयार असला की बोलणी नीट सुरू होतात. पण मधेच कोणी बेडरूमचा टीव्ही चालू केला की स्प्लिटरला सगळं नव्याने जुळवावं लागतं, मग रोज कोण क्रम पाळत बसणार?

दुसरं अर्धंच खरं. तारा त्याच, पण ओळख एकदाच वाचली जाते आणि चुकली तर पुन्हा वाचता येते. १.४ चं कुलूप मात्र दर १२८ फ्रेमला तपासलं जातं, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाला दोन सेकंदांहून जरा जास्त अंतराने. एक तपासणी हुकली की चित्र जातं आणि पुन्हा पहिल्यापासून ओळखपाळख.

लांब केबलचा खरा त्रास इथे आहे. त्या दोन बारीक तारा फार संथ चालतात आणि केबल लांबली की त्यांची कपॅसिटन्स वाढते. एचडीएमआयच्या नियमात केबलला ७०० पिकोफॅरडची मर्यादा आहे. मीटरला ५० धरले तरी १५ मीटरला ७५० होतात. मग सिग्नल चढायला उशीर लागतो आणि एखादा बिट चुकीचा वाचला जातो. चित्र नेणाऱ्या जोड्या ठीक असूनही पडदा मधूनमधून मिटतो. म्हणून घोडबंदरकर, १०८०पी केल्यावर बेडरूम लुकलुकायला लागली तर नवल वाटून घेऊ नका.

घोडबंदरकर
म्हणजे शेवटी केबलच ना? मी काय म्हणत होतो?

वायरवाला_माजिवडा
तुम्ही भंगार म्हणालात, मी लांब म्हणतोय. सोन्याच्या पिनेने लांबी कमी होत नाही.

हक्काचा_ग्राहक
या सगळ्याचं मूळ कोणी बोलतच नाही. दर महिन्याला पैसे मी मोजायचे, स्टिक माझी, टीव्ही माझा, आणि माझ्याच बेडरूममध्ये पिक्चर दाखवायला परवानगी मागायची? २०१० साली या कुलपाची मास्टर की जगभर फुटली. चोर तेव्हापासून मजेत आहेत, शिक्षा फक्त बिल भरणाऱ्याला. बाजारात असे स्प्लिटर मिळतात जे पुढे कुलूपच लावत नाहीत. तसला लावा आणि झोपा.

कोपरखैरणे_एक्स्प्रेस
आणि कॉपीराइट कायद्याचं ६५अ?

हक्काचा_ग्राहक
ते हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यासाठी आहे. मी माझ्या बायकोला पिक्चर दाखवतोय.

वायरवाला_माजिवडा
फुटलेली की जुन्या १.४ ची होती, फोरके पिक्चर मागतोय २.२. बाकी कायद्याचं कोर्टात बघा, मी गिऱ्हाइकाकडे तसलं लावत नाही.

खारघर_सेक्टर_२०
केबल लांब, स्प्लिटर साधा, सगळं ऐकलं. पण केबल भिंतीत गाडली कोणी? आमच्या इंटिरिअरवाल्याने पाइप न टाकता एचडीएमआय थेट झिरीत ठेवून वरून प्लास्टर मारलं. टीव्ही युनिटच्या मागे ती काटकोनात दुमडलीये, टॉर्च मारला की दिसते. बदलायची तर लॅमिनेट, पीओपी, रंग, सगळं काढा. फोन केला तर म्हणतो, 'मॅडम, वायर चालूच होती, व्हिडिओ आहे माझ्याकडे.'

नेरूळची_सुमेधा
आमच्याने पाइप टाकला, पण पाऊण इंची, आणि कोपऱ्यात एल्बो! एचडीएमआयचं डोकं त्यातून जाईल असं त्याला कसं वाटलं देव जाणे. सुतार म्हणे इलेक्ट्रिशियनचं काम, इलेक्ट्रिशियन म्हणे केबलवाल्याचं.

कोपरखैरणे_एक्स्प्रेस
चूक तुमची. ड्रॉइंगवर सही करताना पाइपाचा साइज बघायचा असतो.

खारघर_सेक्टर_२०
ड्रॉइंग? आमच्याकडे प्लायवर पेन्सिलने काढलेली चौकट होती. घराचे हप्ते, वर भाडं, त्यात सोसायटी दुपारी दोन ते चार ड्रिल लावू देत नाही, आणि तुम्ही सहीचं सांगताय. ऑफिसच्या पैशाने कॉन्फरन्स रूम करणाऱ्यांनी घरच्यांना शिकवू नये.

कोपरखैरणे_एक्स्प्रेस
बरं बाई, चूक प्लायची.

वायरवाला_माजिवडा
भांडा, पण एक ऐका. झिरीत दुमडलेल्या केबलचं दुखणं वेगळं असू शकतं. घडीपाशी चित्राची जोडी दुखावली की पांढरे ठिपके चमकतात, रंग फाटतो, किंवा कुठल्याच उपकरणाचं चित्र येत नाही. कुलूप अडलं की पडदा स्वच्छ काळा होतो, बहुतेकदा आवाजासकट. फरक बघायला त्याच केबलवर लॅपटॉप लावा, साधं डेस्कटॉप १०८०पीला ठेवा. डेस्कटॉपला कुलूप लागत नाही. ते न हलता राहिलं तर चित्राच्या तारा धडधाकट समजा. तेही तुटत असेल तर भिंत फोडायची मानसिक तयारी ठेवा.

सेट टॉप बॉक्सने मात्र ही परीक्षा घेऊ नका. अनेक बॉक्स मेनूलासुद्धा कुलूप लावून पाठवतात, त्यामुळे मेनू काळा दिसला म्हणून केबल मेली असं होत नाही.

नेरूळची_सुमेधा
मग माझ्या पाऊण इंची पाइपात काय घालू?

वायरवाला_माजिवडा
ताई, नेटवर्कची कॅट-६. पिन नंतर दाबता येते, म्हणून एल्बोतूनही ओढली जाते. दोन टोकांना एक्स्टेंडर, चांगला घेतलात तर १०० मीटरपर्यंत नेतो. त्यावर एचडीसीपी २.२ लिहिलंय का बघा. १५-२० मीटरची ऑप्टिकल एचडीएमआयही येते, पण तिला दिशा असते. 'Source' लिहिलेलं टोक स्टिककडे किंवा स्प्लिटरकडे. उलटी ओढली तर पुन्हा काळाच पडदा, आणि मग मला फोन.

हक्काचा_ग्राहक
एक्स्टेंडरच्या पैशात बेडरूमला दुसरी स्टिक येते. स्प्लिटर नको, लांब केबल नको, परवानगीची भानगड नको.

वायरवाला_माजिवडा
आज पहिल्यांदा कामाचं बोललात. धंद्याला वाईट, पण खरंय. दोन्ही खोल्यांत एकाच वेळी एकच चित्र हवं असेल तरच स्प्लिटर.

घोडबंदरकर
तेच तर हवंय. मॅच असली की बाबा आत झोपून बघतात, आम्ही बाहेर. दोन स्टिकवर आत-बाहेर मागेपुढे होतं, विकेट पडली की आधी बाहेर ओरडा होतो आणि बाबा चिडतात.

असो. पिन काढून बघितलं. हॉलमध्ये फोरके लागलं. १०८०पी केल्यावर दोन्हीकडे लागलं. बेडरूम थोड्या थोड्या वेळाने मिटते, आणि ती मिटली की हॉलही मिटतो, हे मात्र तुम्ही सांगितलं नव्हतं, महाराज.

वायरवाला_माजिवडा
बेडरूमची बोलणी तुटली की तुमचा स्प्लिटर वरचं कनेक्शनसुद्धा सोडून पुन्हा जोडत असणार. प्रत्येक आउटपुट स्वतंत्र सांभाळणारे येतात, पण खोक्यावर ते कधी धड लिहिलेलं नसतं, लावूनच बघावं लागतं.

कोपरखैरणे_एक्स्प्रेस
मी पहिल्याच उत्तरात 'स्प्लिटर बदला' म्हटलं होतं. नोंद असावी.

वायरवाला_माजिवडा
आणि 'केबल निर्दोष' पण म्हटलं होतं. त्याचीही नोंद असावी. नवा स्प्लिटर फार तर हॉल वाचवेल, बेडरूम त्या १५ मीटरवर मिटतच राहणार.

खारघर_सेक्टर_२०
प्लास्टर न फोडता केबल बदलून देणारा कोणी खारघर-बेलापूर भागात असेल तर सांगा. इंटिरिअरवाले कृपया मेसेज करू नका.