मदत हवी आहे: गेजवर 680, मग नोमोग्राफवर दाब किती धरायचा?

लॅबवाली_सोलापूर: अ‍ॅसिटोफिनोन व्हॅक्यूम डिस्टिलेशनने शुद्ध करायचंय, नॉर्मल बॉइलिंग पॉइंट 202. वॉटर अ‍ॅस्पिरेटर आहे, डायल गेजचा काटा 680 मिमीवर थांबतो. 760 मधून वजा केले तर 80 उरतात, नोमोग्राफवर मधल्या रेषेवर 202 आणि उजव्या वाकड्या रेषेवर 80 धरून पट्टी लावली की डावीकडे 125 च्या पुढे येतं. पण आमचे लॅब असिस्टंट काका म्हणतात 40 धर. कोणतं खरं?

जुना_केमिस्ट: काका बरोबर आहेत. हे गेज बाहेरच्या हवेपासून किती खाली गेलो तेवढंच दाखवतं, आणि सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, तिथे हवेचाच दाब 720 च्या आसपास. 720 वजा 680 म्हणजे 40. पट्टी परत लाव, 110 च्या आसपास येईल. 127 धरून बाथ 150 ला नेलास तर उसळून सगळं रिसीव्हरमध्ये जाईल. अजून एक, नळाच्या पाण्याचं तापमान बघ. 32 अंशाच्या पाण्याचा स्वतःचाच बाष्पदाब 36 मिमी असतो, अ‍ॅस्पिरेटर त्याच्या खाली जाऊच शकत नाही. पुस्तकातले 15-20 मिमी थंड पाण्याचे, आपल्या मे महिन्यातल्या टाकीच्या पाण्याचे नाहीत.

प्लांटवाला: एवढं कशाला, दाब निम्मा केला की 15 अंश कमी, झालं.

जुना_केमिस्ट: दादा, 40 वरून 20 ला जाताना ते चालतं. पण 760 पासून 40 पर्यंत सव्वाचार वेळा निम्मं होतं, तुमच्या हिशोबाने 138 येईल. वरच्या टोकाला पहिल्याच निम्म्याला वीसच्या वर अंश उतरतात, म्हणून तर नोमोग्राफ लागतो.

निखारा: माझ्याकडे बेन्झिल अल्कोहोल होतं, 20 मिमीला नोमोग्राफने 95 च्या आसपास सांगितलं आणि आलं 106 ला. म्हणजे माझा पंप खराब ना?

जुना_केमिस्ट: पंपच असेल असं नाही. अल्कोहोलचे रेणू हायड्रोजन बाँडने एकमेकांना धरून बसतात, नोमोग्राफमध्ये ते धरलेलं नसतं, त्यामुळे खरा आकडा वर जातो. अ‍ॅसिटोफिनोनला हा त्रास नाही.

लॅबवाली_सोलापूर: पाणी 31 आहे सर, म्हणजे 40 पटतं. पण पंप बंद केल्यावर काटा शून्याला न येता 10 वर थांबतोय, ते 680 मधून वजा करू का?

जुना_केमिस्ट: नक्की सांगता येत नाही, स्केलच्या दुसऱ्या टोकालाही तेवढाच फरक असेल असं नाही. वजा केलेस तर दाब 50 होतो, तेव्हा उकळणं 115 ला. म्हणून 110 ते 115 डोक्यात ठेव, बाथ 135 पर्यंत हळूहळू ने आणि हेडचा थर्मामीटर जिथे स्थिर होईल तिथे रिसीव्हर बदल. पाऱ्याचा मॅनोमीटर मिळाला तर गेज काढूनच टाक.

लॅबवाली_सोलापूर: कपाटात एक आहे, पण बंद टोकाला बुडबुडा दिसतोय. चालेल का तो?