अनुभव धागा: रेकॉर्डिंगमधला टोचणारा ‘स’

सायली_वाचते
जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतेय. त्यात बाबांच्या आवाजातलं कथावाचन निघालं. आवाज थोडा दबका आहे, पण ‘स’ इतका मऊ की तासभर ऐकलं तरी कान शिणत नाही. लगेच मी मागच्या आठवड्यात केलेलं वाचन लावलं आणि इअरफोन काढूनच ठेवले. ‘सशाने सावकाश सगळं सांगितलं’ या वाक्यात प्रत्येक ‘स’ सुईसारखा टोचतो. समोरासमोर बोलताना मला कुणी असं कधी म्हणालेलं नाही. आजीची नजर गेली आहे, ती हेच ऐकणार आहे, म्हणून जास्त लागतंय मनाला. कंडेन्सर माइक आहे, तोंडापासून चार बोटांवर, अगदी समोर. तुमचे अनुभव सांगा, उपाय केले असतील तर तेही.

निवांत_७२
माझ्याकडे पण होतं हे. मागे सतत सूंऽऽ येत राहायचं, पंखा बंद केल्यावर गेलं. पंखा बघ आधी.

सायली_वाचते
निवांतकाका, सतत नाही येत. मधल्या शांततेत काही ऐकू येत नाही. फक्त ‘स’, ‘श’ आणि ‘चमचा’मधला ‘च’ आला की.

कानसेन
माइकसमोर जाळी लाव. पॉप फिल्टर. सगळे लावतात, त्यानेच जातं.

पडद्यामागे
कानसेन, जाळी ‘प’, ‘फ’, ‘भ’ला उपयोगी. त्यात हवेचा धक्का येऊन माइकवर आदळतो, जाळी तो फोडते. ‘स’मध्ये जिभेच्या खोबणीतून निघालेली हवेची बारीक धार दातांवर घासते आणि आवाज तिथे तयार होतो. तो जाळीतून जवळपास तसाच पार होतो. जाळीमुळे माणूस माइकपासून थोडा लांब बसतो, तेवढा फायदा मात्र खरा.

डबिंगच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून सायलीताई दोन गोष्टी विचारतो. रेकॉर्ड केल्यावर कंप्रेसर लावता का? आणि ऐकताना कानात घट्ट बसणारे इअरफोन वापरता का?

सायली_वाचते
दोन्ही हो. कंप्रेसर लावला नाही तर काही शब्द पुटपुटल्यासारखे येतात.

मंजिरी
दात!! सासऱ्यांची नवी कवळी आली तेव्हा प्रत्येक ‘स’ला शिट्टी. फोनवर बोलताना आम्हाला कळायचं नाही, समोर बसलं की कळायचं. डॉक्टरांनी पुढच्या दातांमागचा भाग थोडा घासून दिला, मग कमी झालं. आता सूनबाईंची तक्रार नको म्हणून हळू बोलतात, तो वेगळाच विषय 😊

रात्रपाळी
फोनवर कळत नाही कारण साधा जुना कॉल साधारण ३४०० हर्ट्झच्या वर काही पाठवतच नाही. ‘स’चा जोर बहुतेकांचा ५ ते ८ हजारांत असतो. म्हणून तर फोनवर नाव सांगताना ‘स’ आणि ‘फ’ची गफलत होते. माझ्या आडनावाची कायम होते.

मंजिरी
अय्या, आमच्याही! आडनाव काय तुमचं? नको, राहू दे, इथे नको सांगू.

पडद्यामागे
सायलीताई, मग तुमचा ‘स’ तीन ठिकाणी वाढतोय.

पहिलं माइकपाशी. बऱ्याच कंडेन्सर माइकना वरच्या पट्टीत मुद्दाम थोडा उठाव दिलेला असतो, आवाज स्पष्ट वाटावा म्हणून. आणि ‘स’ची धार तोंडासमोर सरळ जाते, बाजूला कमी पसरते. चार बोटांवर अगदी समोर माइक म्हणजे ती धार थेट त्यावर.

दुसरं कंप्रेसर. समजा तुमचा ‘आ’ ‘स’पेक्षा १० डेसिबल मोठा आहे. कंप्रेसरने ‘आ’ ६ डेसिबलने दाबला. ‘स’ मर्यादेखाली होता म्हणून त्याला हातही लावला नाही. मग सगळं मिळून ६ डेसिबल वर उचललं. ‘आ’ होता तिथेच आला, ‘स’ मात्र आता फक्त ४ डेसिबलने लहान. म्हणून ‘स’ नेहमी कंप्रेसरच्या आधी कमी करायचा.

तिसरं कान. कानाची नळी उघडी असते तेव्हा तिचा स्वतःचा घुमारा ३ हजारांच्या आसपास असतो. इअरफोनने तोंड बंद केलं की तो वर सरकतो, बऱ्याचदा ६ ते ८ हजारांत. म्हणजे नेमका ‘स’च्या घरात.

कानसेन
बरं, जाळीचं पटलं. पण मग कॅसेटच चांगल्या होत्या असं म्हणायचं का? बाबांचा ‘स’ मऊ आहे ना.

पडद्यामागे
कॅसेटवर वरचा आवाज जोरात आला की फीत लवकर भरते आणि ‘स’ आपोआप दबतो. लेव्हल जास्त ठेवली असेल तर तोच ‘स’ फाटून थुंकल्यासारखाही येतो. सायलीताईंच्या बाबांनी लेव्हल नीट ठेवली असणार. किंवा हेड थोडं तिरकं असेल, त्यानेही धार जाते. कॅसेट न ऐकता कसं सांगू?

सायली_वाचते
आज दुपारी करून पाहिलं, हातात पोळ्यांचं पीठ असताना लिहितेय.

माइक एक वीत लांब नेला आणि ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला तिरका केला. तोंड त्याच्या शेजारून जातं, त्याच्यावर नाही. तेच सशाचं वाक्य वाचलं. निम्मं टोचणं तिथेच गेलं! पण खोली जास्त ऐकू यायला लागली, म्हणून मागे गोधडी टांगली.

मग कंप्रेसरच्या आधी एकेक ‘स’ निवडून Amplify मध्ये -5 दिलं. लाटांचं चित्र मोठं केलं की ‘स’ लगेच ओळखू येतो. स्वरात सारखे उंचवटे दिसतात, ‘स’ म्हणजे दाट केसाळ पट्टा. हाव सुटून एका ओळीला -12 दिलं तर ‘सकाळ’चं ‘थकाळ’ झालं. ४ ते ६ मध्ये बरं वाटतं.

पडद्यामागे
अगदी हेच. डी-एसर हेच काम आपोआप करतो, पण सगळ्या ‘स’ना एकच माप लावतो. लांब पुस्तकाला तो घ्या. आजीसाठीच्या छोट्या कथेला हाताने केलेलं जास्त गोड लागेल.

रात्रपाळी
मी रेकॉर्डिंग करत नाही, फक्त ऐकतो. माझ्यासारख्यांनी काय करायचं?

पडद्यामागे
इक्वलायझरमध्ये ६ ते ८ हजारांची एकच पट्टी ३ डेसिबल खाली घ्या. सगळा ट्रेबल खाली घेतला तर आवाज घोंगडीतून आल्यासारखा होतो. रबराची टोपी बदलून बघा, कमी-जास्त आत बसली की तो घुमारा जागा बदलतो. आणि ‘स’ टोचण्याऐवजी पाण्यासारखा सळसळत असेल तर ते फाइल लहान करायला ती फार दाबल्याने. त्याला इक्वलायझर काही करू शकत नाही.

निवांत_७२
मला श्रवणयंत्र लागल्यापासून कागदाची घडी आणि बायकोचा ‘स’ दोन्ही टोचतात. सवय होईल म्हणतात. कुणाला झाली का?

मंजिरी
काका, यंत्र लावून देणाऱ्याला वरचा आवाज थोडा कमी करायला सांगा, ते सेटिंगमध्ये होतं. आईचं केलं होतं. तरी ताटांचा आवाज तिला अजून लागतो.

सायली_वाचते
एक राहिलंच. ‘हसली’मधल्या ‘स’ला बारीक शिट्टी येते, -5 नेही जात नाही. पडद्यामागेदादा?

पडद्यामागे
शिट्टी म्हणजे एकाच अरुंद जागी जोर, आख्खा ‘स’ लहान केला तरी ती त्यातून वर डोकावतेच. तिथे अगदी अरुंद कट द्यावा लागेल. पण आधी एक घोट पाणी पिऊन तेच वाक्य परत वाचून पाठवा. कोरड्या तोंडाने येते का दातांच्या फटीने, ते ऐकल्याशिवाय कळणार नाही.

सायली_वाचते
पोळ्या झाल्या की वाचते.