मदत हवी आहे: नासलेल्या दुधाचं पनीर भुरभुरं होते

ताईंनो, उन्हाळ्यात आमच्या गावात लाइट गेली की सांजचं दूध सकाळपर्यंत आंबते, फेकायला जीव होत नाही. काल दोन लिटर म्हशीचं असंच गेलं. वास दह्यासारखा आंबट, कडू नाही, तार नाही, म्हणून वापरायचं ठरवलं (कडू झालं, चिकट तार आली किंवा रंग बदलला तर मी सरळ फेकून देते). गरम करायला ठेवलं तर उकळी यायच्या आधीच फाटलं, पण सवयीनं मी वरून दोन चमचे लिंबू पिळलंच आणि पाच मिनिटं उकळू दिलं. फडक्यात बांधून, धुऊन, वर पाटा ठेवला, तरी पनीर रव्यासारखं भुरभुरं, सुरी लावली की तुटते.

मला वाटते दूध आधीच आंबट असल्यानं लिंबू जास्त झालं. असं दूध फाटल्याबरोबर गॅस बंद करावा काय? त्यात अर्धं ताजं दूध घातलं तर वडी धरते काय? भुरजी तर झाली, पण पोरांना भाजीत तुकडे पाहिजेत.

आणि उरलेल्या आंबट दुधात धिरडे भिजवले तर एका कपाला सोडा किती घालता? मागच्या वेळी जास्त पडला, साबणासारखी चव आली.