गॅप लपवा म्हणे!

बंट्या_सांगली: नोकरीत खंड पडला असेल तर लिंक्डइनवर दाखवू नका. जुन्या कंपनीची तारीख पुढं ढकला, नाहीतर 'फ्रीलान्स कन्सल्टंट' लिहा. कोण बघतंय?

विश्रामबागवाली: मी बघते! बारा वर्षं भरतीचंच काम करतेय. आमच्याकडं मिरजेची एक अकाउंटंट आली होती. सासूबाईंना पक्षाघात झाला म्हणून तिनं जून २०२१ मध्ये नोकरी सोडलेली, प्रोफाइलवर मात्र मार्च २०२४ पर्यंत कामावर. ऑफर दिली आणि पीएफच्या यूएएनची सर्व्हिस हिस्टरी मागवली, तर नोकरी सोडल्याची तारीख तेहतीस महिने आधीची. ऑफर मागं घेतली. खंडामुळं नाही, खोट्यामुळं. हळहळ आजही वाटते.

अनुभवाच्या रकान्यात `Career break` आहे, त्यात `Caregiving` निवडायचं. खरे महिने टाकायचे आणि दोनच ओळी: 'घरातल्या आजारी माणसाची पूर्णवेळ देखभाल केली. आता ई-इनव्हॉइसचं काम शिकून घेतलं आहे.' आजाराचं नावगाव नको. दुसरी ओळ मात्र हवीच. तिनं नोकरी सोडली तेव्हा ई-इनव्हॉइस ५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांनाच सक्तीचं होतं. ऑगस्ट २०२३ पासून ते ५ कोटींवर आलं. म्हणजे कुपवाडच्या कितीतरी फाउंड्र्या त्यात आल्या. मालकाला धास्ती त्याची असते, सासूबाईंची नाही.

बंट्या_सांगली: इथल्या बारक्या वर्कशॉपात पीएफ कापतात का? वीसच्या आत माणसं असली की सक्ती नाही. कुठली आली तुमची हिस्टरी?

विश्रामबागवाली: बरं बाबा, एवढं मान्य. मग बँकेचं स्टेटमेंट मागतो. पगार कधी थांबला ते त्यात दिसतंच.

तासगावकर: मी वडिलांच्या डायलिसिससाठी दोन वर्षं घरी होतो. खरं सांगितलं तर साहेब म्हणाला, "घरात बायका नव्हत्या का?" आता बोला.

माईची_लेक: होत्या की, आम्हीच होतो! माझा दीर पुण्यातनं रोज व्हिडिओ कॉल करायचा. "वहिनी, कूस बदललीत का?" एकदा फोन तसाच उशीला टेकवून गेले, म्हटलं बदला तुम्हीच.

तासगावकर: सगळे दीर तसे नसतात ताई. मी डबा, डायपर, सगळं केलंय.

माईची_लेक: म्हणून तुमची आठवण ठेवतात. माझ्या बायोडेटात ती वर्षं 'गृहिणी' म्हणून गेली. ते काय काम नव्हतं?

विश्रामबागवाली: विषय प्रोफाइलचा आहे हो.

माईची_लेक: तोच चाललाय! मी `Caregiving` लिहिलं आणि चार महिने एक फोन नाही.

विश्रामबागवाली: होतं असं. काही ठिकाणी ते वाचून बाजूला ठेवतात, मी बघितलंय. पण ते आधीच कळतं, ऑफर हातात आल्यावर नाही.

बंट्या_सांगली: बरं, तारीख नाही ढकलत. फ्रीलान्स तरी राहू दे?

विश्रामबागवाली: बिलं आहेत?

बंट्या_सांगली: एकाचं जीएसटी भरून दिलंय.

विश्रामबागवाली: पैसे किती दिले?

बंट्या_सांगली: दोन किलो भडंग.