अनुभव धागा : आजीसोबत वाचलेलं जुनं सिनेमाचं पोस्टर

पऱ्हाटी
दारव्ह्याकडं एक बंद पडलेली टॉकीज आहे. तिच्या तिकीट खिडकीमागं काचेत 'शोले'चं पोस्टर अजून लटकून आहे. बियाणं आणायला गेलो होतो तेव्हा मोबाइलवर फोटो काढला आणि रात्री जेवणं झाल्यावर आजीला दाखवला. पोस्टर इंग्रजीत, म्हणून मी वाचत गेलो.

"वर काय लिवलं हाय रे थे?"
"आजवर जमलेले सगळ्यात मोठे नट, आन् आजवर सांगितलेली सगळ्यात मोठी गोष्ट."
"सगळ्यात मोठी? रामायनाहून?"
"तसं लिवलं हाय आजी."
"नटाचं खरं हाय. गोष्टीचं नाई. हात तोडलेला ठाकूर आन् दोन चोट्टे पोट्टे, येवढीच तं गोष्ट. पन सांगितली कशी, थे पाय ना!"

मग तिनं नावं विचारली. धर्मेंद्र, संजीव कुमार, हेमा मालिनी आणि त्यानंतर अमिताभ. मी म्हटलं, अमिताभ चौथा कावून? तर म्हणते, "तवा धर्मेंद्र मोठा होता बाप्पा. ज्याच्या नावानं तिकीट खपे, त्याचं नाव पयले."

शेवटी '70 एमएम, स्टिरिओफोनिक साउंड' वाचलं, तर ती गप्पच झाली. "आमी तं जत्रेत कनातीत पायला. पडद्यामांगं एकच भोंगा होता. मंग थे काय होतं?" मला सांगता आलं नाही. तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांनी असं पोस्टर वाचलं असेल, किंवा तुम्ही वाचून दाखवलं असेल, तर लिहा. आणि आजीच्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असेल तर तेही.

निंबोणी
आजी भारी आहेत!! 70 एमएम म्हणजे दुप्पट रुंदीच्या फिल्मवर शूटिंग केलेलं. त्याला मोठा कॅमेरा लागतो. जत्रेत दाखवला तो दुसरा, छोटा करून विकलेला असणार. कापलेला असेल बहुतेक.

जुनी रीळ
निंबोणी, फिल्मच्या रुंदीचं बरोबर आहे, शूटिंगचं उलटं आहे. 'शोले'चं शूटिंग 35 एमएमवरच झालं. नंतर त्यावरून मोठी करून 70 एमएमची प्रिंट काढली, ती मोठ्या शहरातल्या निवडक थिएटरांसाठी. तालुक्याच्या टॉकीजला आणि तंबूला 35 एमएमचीच प्रिंट यायची. दोन्हीकडं गोष्ट तीच.

खरा फरक आवाजाचा. 70 एमएमच्या प्रिंटवर चुंबकीय पट्ट्या असत, त्यावर सहा वेगवेगळे आवाज. म्हणून जयनं नाणं उडवलं की ते आपल्याच खुर्चीखाली पडलं असं वाटून लोक खाली वाकत. 35 च्या प्रिंटला कडेला आवाजाची एकच पट्टी. ती एका भोंग्यातून वाजवली काय आणि चारातून वाजवली काय, आवाज एकच. आजीला सांगा, त्यांनी पाहिला तो 'शोले'च. पोस्टरवर लिहिलेलं शहरातल्या थिएटरसाठी होतं, पण पोस्टरं सगळीकडं तीच जायची.

माझे वडील टुरिंगवर ऑपरेटर होते. एकच मशीन असे, त्यामुळं रीळ संपलं की बत्ती लावून दुसरं चढवायचं. तेवढ्यात फुटाणेवाल्याचा धंदा होई.

धानवाली
आमच्याकडे भंडाऱ्याला पोस्टर वगैरे आठवत नाही, पण त्याच साली 'जय संतोषी माँ' आला होता. सासूबाई सांगतात, बायका चपला बाहेर काढून आत जात. देवीचं गाणं लागलं की पडद्यावर नाणी आणि फुलं टाकत, काही जणी ताट घेऊन आरती करत. दर शुक्रवारी उपास धरायची लाट तिथूनच आली म्हणतात. आमच्या घरी अजून त्या दिवशी आंबट चालत नाही, माझ्या पोराला चिंचेचं सार दिलं म्हणून मागच्या आठवड्यात केवढं ऐकावं लागलं. असो, कुकर झाला, येते.

पऱ्हाटी
@जुनी रीळ, आजीला वाचून दाखवलं. म्हणाली, "मंग त्यायनं खाली लिवाले पायजे होतं, की हे शहराचं हाय." आता म्हणते, तो भोंगा मात्र लय मोठा होता, शेजारच्या गावात आयकू जाये.

वऱ्हाडी पाहुणा
'शोले'चा भोंगा म्हणजे सिनेमाच्या आधीचा! आमच्याकडं लग्नात गाणी बाजूला राहायची आणि संवादांची तबकडी लागायची. पॉलिडॉरनं ती काढली होती. सिनेमा न पाहिलेल्या पोट्ट्यांना गब्बर पाठ. पोस्टरवर काय लिहिलंय ते कोणी वाचलंच नसेल, तबकडीनंच माणसं तंबूत नेली.
अवांतर : यंदा कपाशीची कोणती जात लावली पऱ्हाटी?

कासरा
पोस्टरवर 'लेखक सलीम-जावेद' दिसतं का? ते नक्की बघ. 1973 ला 'जंजीर'च्या वेळी पोस्टरवर त्यांचं नावच नव्हतं. तेव्हा त्यांनी पदरचे पैसे देऊन रंगवणारा माणूस पाठवला आणि मुंबईभर लागलेल्या पोस्टरांवर नाव रंगवून घेतलं. त्या गड्यानं जागा दिसेल तिथं, नटांच्या तोंडावरसुद्धा, स्टेन्सिल मारलं म्हणतात. दोन वर्षांनी 'शोले'त तेच नाव ठळक आलं. माझे काका हातानं बोर्ड रंगवत, ते म्हणायचे की नावाचं अक्षर अर्धा इंच कमी झालं तरी मालकाचा फोन येई. त्यांचं स्वतःचं नाव मात्र कोपऱ्यात, बघायचं म्हटलं तर गुडघ्यावर बसावं लागे.

पऱ्हाटी
वऱ्हाडी पाहुणा, यंदा तूरच जास्त, कपाशी जराशीच.
कासरा, खालच्या ओळी फोटोत धूसर आल्या. काचेवर बल्बची तिरीप पडली आहे.

जुनी रीळ
फ्लॅश बंद ठेव. काचेसमोर सरळ उभा राहा, तिरका नको, नाहीतर अक्षरं एका बाजूला निमुळती होतात. उजेड मागून येत असेल तर काचेवर अंगावरची काळी चादर किंवा जाकीट धरून सावली कर. मग सगळ्या पोस्टरचा एक आणि तळाच्या चार बोटं पट्टीचा जवळून दुसरा फोटो काढ. छापखान्याचं नाव सहसा तिथं, सगळ्यात बारीक अक्षरात असतं.

दुसरं म्हणजे शिक्का पाहा. आपला भाग वितरकांच्या भाषेत 'सीपी-बेरार', त्यांची ऑफिसं अमरावती आणि भुसावळला. तिथून पोस्टरं घडी करून यायची, म्हणून जुन्या कागदावर आडव्या-उभ्या घड्यांच्या रेघा असतात आणि त्या रेघांवरच रंग उडतो. गुळगुळीत, घडी नसलेला कागद असेल तर नंतरची छपाई असण्याची शक्यता जास्त. पण घडी आहे म्हणून 1975 चंच आहे असं नाही, सिनेमा पुन्हा पुन्हा लागत राहिला आणि दर वेळी कागद छापला गेला.

निंबोणी
मग नावांचा क्रम बघून कळेल ना? नंतरच्या छपाईत अमिताभ वर गेला असेल.

जुनी रीळ
नावांचा क्रम करारात ठरतो, तो सहसा बदलत नाही. बदलतो तो चेहऱ्याचा आकार. पऱ्हाटी, चित्रात कोणाचं डोकं सगळ्यात मोठं आहे?

पऱ्हाटी
मधे धर्मेंद्र, अमिताभ त्याच्याएवढाच. आजी म्हणते अमिताभ थोडा मोठा. आमचं दोघांचं जुळेना. सोमवारी बाजाराला जातो तेव्हा पट्टीचा फोटो काढतो. चौकीदार काच उघडू देईल का, ते त्या दिवशी तो कसा असेल त्यावर आहे.

धानवाली
चौकीदाराला चहा पाज. आणि कोणी चिंच न घालता आंबटसर लागेल असं काही सांगेल का?